पीपीओवर राणे, पासबुकावर सामंत

"सिस्टर, हे राणे कोण आणि सामंत कोण?" निवृत्तीनंतर ओरोसला जिल्हा कोषागारात पेन्शनच्या प्रथम तपासणीला गेले, तेव्हा टेबलावरच्या मुलाने माझा पीपीओ, म्हणजे पेन्शन देण्याचा आदेश, आणि पासबुकाची झेरॉक्स शेजारी शेजारी ठेवून हे विचारलं. दोन्ही मीच. (इथे दिलेली नावं बदललेली आहेत, घोळ मात्र खराच आहे.) पीपीओवर मालती सदाशिव राणे, पासबुकावर मालती वसंत सामंत. आधार आणि पॅनही सामंत नावानेच. त्याने फॉर्म बाजूला ठेवला आणि म्हणाला, "या खात्यावर या नावाची पेन्शन लावता येणार नाही."

आमच्या पेशात हे नवीन नाही. नर्सिंग कौन्सिलची नोंदणी लग्नाआधीची, नेमणुकीचा आदेश त्या नोंदणीवरून निघतो आणि सेवापुस्तकाचं पहिलं पान त्या आदेशावरून भरलं जातं. लग्नानंतर वॉर्डात सगळे 'सामंत सिस्टर' म्हणायला लागले, तरी पगारपत्रकात राणेच राहिले. पगाराचं खातंही त्याच नावाचं होतं, त्यामुळे नोकरीभर काही अडलं नाही. आधार सासरच्या गावी निघालं, ते सामंत नावाने. पुढे पॅन आणि आधार जोडायची सक्ती आली, ३० जून २०२३ ही शेवटची तारीख होती, तेव्हा पॅनवरचं नाव आधारासारखं करून घेतलं. म्हणजे निवृत्तीच्या वेळी सरकारी नोकरीचा कागद तेवढा एका नावाने आणि बाकी सगळं दुसऱ्या नावाने.

३१ मेला निवृत्त झाले. पेन्शनचे कागद त्याच्या कितीतरी आधी गेले होते आणि त्यात गावातल्या शाखेच्या नव्या जोडखात्याची झेरॉक्स होती. नोकरीच्या गावातली शाखा लांब, दर महिन्याला तिथे कोण जाणार? नवं खातं आधारावर उघडलं, म्हणून ते सामंत नावाने उघडलं. महालेखापालांच्या कार्यालयात तपासली जाते ती सेवा, वेतन आणि पेन्शनचा हिशोब. खात्यावरचं नाव तिथे कुणी ताडून पाहिलं नाही. फरक उघडा पडला तो कोषागारात, कारण पैसे प्रत्यक्ष तिथून निघतात.

पेन्शन लगेच सुरू झाली, ती एका गोष्टीमुळे. माझं पगाराचं जुनं खातं बंद केलेलं नव्हतं. टेबलावरच्या मुलानेच विचारलं, "राणे नावाचं एखादं चालू खातं आहे का?" त्या खात्याचं पासबुक, रद्द केलेला धनादेश आणि खातं बदलण्याचा अर्ज दिला आणि पेन्शन तिथे जमा होऊ लागली. निवृत्तीनंतर पगाराचं खातं बंद करायची घाई बरेच जण करतात. पीपीओचं नाव आणि नव्या खात्याचं नाव अक्षरश: एक आहे हे पाहिल्याशिवाय ते बंद करू नये. माझ्याकडे ते खातं नसतं, तर नाव दुरुस्त होईपर्यंत महिनोन्महिने पेन्शन अडकली असती.

मग प्रश्न आला, बदलायचं काय? पीपीओ की बँक?

हे म्हणाले, "अगो, बँकेतच राणे करून टाक, एका सहीचा काम." सोपं वाटतं खरं. पण बँक नाव लावते ते केवायसीच्या कागदावरून, आणि माझे केवायसीचे सगळे कागद सामंत नावाचे. खात्याला राणे नाव हवं तर आधी आधार राणे करावं लागेल, मग पॅन, मग मतदार ओळखपत्र. आधारात नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, ती संधी मागे जाण्यासाठी कोण घालवणार? शिवाय पुढे हयातीचा दाखला मोबाइलवरून जीवन प्रमाणने द्यायचा, तर ओळख पटते आधारावर. तेव्हा जे नाव आधार, पॅन आणि पासबुक या तिघांवर आहे ते तसंच ठेवायचं आणि एकट्या पडलेल्या पीपीओला त्यांच्यात आणायचं, असं ठरवलं.

उलट प्रकारही असतो. आमच्या वाडीतले एक निवृत्त शिपाई आहेत. त्यांच्या पीपीओवर नाव बरोबर होतं, पण बँकेने संगणकात वडिलांच्या नावाचं एक अक्षर चुकवलेलं. त्यांचा पीपीओ, आधार, पॅन सगळं जुळत होतं. तिथे दुरुस्ती बँकेतच व्हायला हवी आणि ती एका अर्जावर, आधाराची प्रत लावून झालीसुद्धा. आडनाव आधी की स्वतःचं नाव आधी, एवढाच फरक असेल, तर त्याला तर कुणी हातही लावत नाही. सगळे कागद ओळीने मांडायचे आणि वेगळा पडलेला कागद कोणता ते बघायचं. दुरुस्ती त्याचीच करायची.

माझ्या बाबतीत पहिला सल्ला मिळाला तो प्रतिज्ञापत्राचा. तहसीलबाहेर बसणारे अर्जवाले सांगतात, 'दोन्ही नावांची व्यक्ती एकच' असं लिहून देतो, काम होईल. आद्याक्षर आणि पूर्ण नाव, किंवा स्पेलिंगमधलं एखादं अक्षर, एवढ्यापुरतं ते बऱ्याचदा चालतं. पण इथे वडिलांच्या नावाच्या जागी नवऱ्याचं नाव आणि वर आडनावही वेगळं. प्रतिज्ञापत्र म्हणजे शेवटी मी स्वतःबद्दल केलेलं विधान. आमच्या रुग्णालयातल्या वरिष्ठ लिपिकाने ते बघून सरळ सांगितलं, "याच्यावर सेवापुस्तकात नोंद घेता येणार नाही. विवाह नोंदणी प्रमाणपत्र आणि राजपत्र आणा."

दोन्ही कशाला, असं तेव्हा वाटलं होतं. प्रमाणपत्र हातात आलं तेव्हा उलगडा झाला. विवाह नोंदणीच्या प्रमाणपत्रावर वधूचं नाव लग्नापूर्वीचं असतं आणि शेजारी वराचं नाव असतं. मालती सदाशिव राणे हिचा विवाह वसंत गोविंद सामंत यांच्याशी झाला, एवढंच ते सांगतं. त्यानंतर ती मालती वसंत सामंत झाली, हे त्यावर कुठेच नसतं. ते गृहीत धरलं जातं. जुनं नाव अमुक, नवं नाव तमुक, असं एका ओळीत छापलेलं सापडतं ते राजपत्रात. बँकेचं निराळं आहे. रिझर्व्ह बँकेच्या केवायसी निर्देशांत ओळखीचा कागद दिल्यानंतर नाव बदललेलं असेल, तर राज्य शासनाचं विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली प्रसिद्धी, यांपैकी एक जोडलं की तो कागद ग्राह्य धरतात. म्हणजे बँकेला एक पुरतं, आमच्या कार्यालयाने दोन्ही मागितले.

आता लग्नाची नोंदणी. आमचं लग्न झालं तेव्हा गावात कुणी नोंदणी करत नसे. आता विवाह नोंदणीचा १९९८ चा कायदा आहे आणि गावात ग्रामसेवकच विवाह निबंधक असतो, त्यामुळे ओरोसपर्यंतही जावं लागलं नाही. नमुना 'ड' भरायचा, तीन साक्षीदार आणायचे, आणि लग्न लावणाऱ्या भटजींची सही घ्यायची. भटजी कधीचेच वारलेले. त्यांच्या सहीच्या जागी आमच्या ग्रामसेवकांनी आम्हा दोघांचं प्रतिज्ञापत्र घेतलं. तीन साक्षीदार मात्र लग्नाला खरोखर हजर असलेले हवेत, असा त्यांचा आग्रह. एक चुलत दीर मिळाले, एक शेजारचे काका. तिसरी माझी मैत्रीण, ती बोरिवलीला. गणपतीला गावी येणार होती म्हणून आम्ही भाद्रपदाची वाट पाहिली, आणि ऋषिपंचमीच्या दुसऱ्या दिवशी तिला घेऊन ग्रामपंचायतीत गेलो. लग्नपत्रिका सासूबाईंच्या ट्रंकेत जपून ठेवलेली सापडली. लग्नाची तारीख तिच्यावरून पक्की झाली, नाहीतर तिथीवरून इंग्रजी तारीख शोधत बसावं लागलं असतं. माझा जन्मदाखला आणि शाळा सोडल्याचा दाखला राणे नावाचे, ते तिथे उपयोगी पडले. जुन्या नावाचे कागद फेकून दिलेले नव्हते हे बरं झालं.

प्रमाणपत्र सही होऊन हातात पडायच्या आधी ते तिथेच उभं राहून वाचलं. त्यात यांचं नाव 'वसंत गो. सामंत' असं आलं होतं. मी ते 'वसंत गोविंद सामंत' करून घेतलं. का, ते पुढे सांगते.

राजपत्राचा अर्ज ऑनलाइन होतो. शासन मुद्रण, लेखनसामग्री व प्रकाशने संचालनालयाकडे तो जातो. भाच्याने लॅपटॉपवर भरला. जुनं नाव, नवं नाव, बदलाचं कारण 'विवाह', सही केलेला अर्ज, फोटो, ओळखीचा पुरावा आणि विवाह प्रमाणपत्र. शुल्कही ऑनलाइनच. इथे जपायचं ते इंग्रजी स्पेलिंग. माझ्या आधारावर `MALATI` आहे, पगारपत्रकात `MALTI` होतं. जुनं नाव लिहिताना सेवापुस्तक आणि पगारपत्रकाप्रमाणे आणि नवं नाव लिहिताना आधाराप्रमाणे, असं दोन कागद समोर धरून एकेक अक्षर बोट ठेवून तपासलं. छापून आल्यावर त्यात फरक निघाला, तर पुन्हा दुरुस्तीचा वेगळा खटाटोप. नाव बदलाच्या जाहिराती राजपत्राच्या भाग दोनमध्ये येतात आणि हा अंक साप्ताहिक असतो, वर 'गुरुवार ते बुधवार' असा आठवडा छापलेला. आपलं नाव आलेल्या अंकाची पीडीएफ उतरवून घेतली. मागाहून प्रत्येक कार्यालयाने पहिल्यांदा विचारला तो भाग, तारीख आणि पान क्रमांक, म्हणून त्या पानाबरोबर अंकाचं पहिलं पानही छापून ठेवलं.

राजपत्र आलं म्हणून मी थेट कोषागारात गेले नाही. पीपीओ कोषागाराने काढलेला नसतो, तो महालेखापालांनी काढलेला असतो, आणि त्यावरचं नाव कोषागार स्वतःच्या अधिकारात बदलू शकत नाही. आणि महालेखापाल पेन्शनरच्या अर्जावर नाही, तर कार्यालय प्रमुखाच्या प्रस्तावावर काम करतात. म्हणून परत जुन्या रुग्णालयात. तिथे नवीन वैद्यकीय अधीक्षक आलेले, पण लिपिक तेच होते. त्यांनी आधी सेवापुस्तकाच्या पहिल्या पानावर लाल शाईने नोंद घेतली: राजपत्राचा संदर्भ, जुनं नाव, नवं नाव, आणि खाली अधीक्षकांची सही व शिक्का. ही नोंद झाल्याशिवाय प्रस्तावाला अर्थ नाही, कारण तिकडे ताडून बघतात ते सेवापुस्तकच. मग प्रस्ताव. त्यात पीपीओ क्रमांक, दोन्ही नावं, पेन्शन देणाऱ्या कोषागाराचं नाव, सेवापुस्तकातल्या नोंदीची साक्षांकित प्रत, राजपत्र, विवाह प्रमाणपत्र, आधार आणि पॅन.

आणि नमुना सह्या! हे कुणी सांगितलं नसतं तर राहून गेलं असतं. पेन्शनच्या कागदांवर मी तीन नमुना सह्या केल्या होत्या, 'मा. स. राणे' अशा. बँकेत मात्र सही 'म. व. सामंत'. नाव बदललं आणि सही जुनीच राहिली, तर पुढे हयातीच्या यादीवर सही करताना प्रश्न उभा राहणार. लिपिक म्हणाले, "सिस्टर, आत्ताच ठरवा कुठली सही कायम ठेवणार." मी बँकेतलीच धरली, कारण यापुढे पैसे काढताना तीच लागणार. नव्या तीन सह्या अधीक्षकांसमोर करून, साक्षांकित करून प्रस्तावाला जोडल्या. पहिल्या दोन ओळीत आल्या, तिसरीला हात सवयीने राण्यांकडे वळला, तो कागद फाडून पुन्हा केला.

आता यांच्या नावाचं. पीपीओवर पेन्शनर एकटाच नसतो. कुटुंब निवृत्तिवेतनासाठी जोडीदाराचं नाव आणि जन्मतारीख तिथेच असते. माझ्या पीपीओवर ते 'वसंत गो. सामंत' होतं, यांच्या आधारावर आणि जोडखात्यावर 'वसंत गोविंद सामंत'. आज त्याने काही अडत नाही. पण मी गेले, तर कुटुंब निवृत्तिवेतन मागायला यांना एकट्याला ओरोसला जावं लागणार, आणि तेव्हा तो 'गो.' कोण हे सांगायला मी नसणार. तेव्हा दुरुस्ती करून घ्यायची तर मागायचं कुणी? म्हणून एकाच प्रस्तावात दोन दुरुस्त्या मागितल्या: माझं नाव आणि यांचं पूर्ण नाव. एकदा फाइल उघडलीच आहे तर त्यातच. मला वाटतं, बहुतेक लोक स्वतःचं नाव जुळलं की थांबतात आणि जोडीदाराच्या ओळीकडे बघतच नाहीत. खरं तर तिचीच काळजी जास्त करायला हवी, कारण ती वापरायची वेळ येते तेव्हा मूळ कर्मचारी नसतो.

प्रस्ताव मुंबईला न्यू मरीन लाइन्सच्या प्रतिष्ठा भवनात गेला. आपल्या कोकणातल्या जिल्ह्यांची प्रकरणं मुंबईच्याच कार्यालयाकडे असतात, नागपूरकडे नाही. रुग्णालयाचा जावक क्रमांक आणि तारीख मी लिहून घेतली. ती नसती, तर नंतर फोनवर कुणी दाद दिली नसती. मध्ये एकदा त्यांच्याकडून शंका काढून कागद परत आला: विवाह प्रमाणपत्राची प्रत साक्षांकित नव्हती. अधीक्षकांचा शिक्का मारून पुन्हा गेला. या सगळ्यात नोव्हेंबर उजाडला आणि हयातीच्या यादीवर सही करायची वेळ आली. जुन्या शाखेत गेले, यादीत नाव राणे, म्हणून सही राणेंची केली. दुरुस्ती होईपर्यंत जे नाव चालू आहे त्याच नावाने सही. मधल्या काळात 'आता माझं नाव बदललंय' म्हणून दुसरी सही केली तर हयातीची नोंदच अडायची.

त्याच भेटीत जुन्या बँकेच्या माणसाने केवायसी अद्ययावत करायची आठवण केली. माझं खातं कमी जोखमीचं, म्हणजे दहा वर्षांनी एकदा, आणि माझी मुदत संपायला अजून अवकाश होता. मी तिथे आधार दिलं नाही. दिलं असतं तर त्यांनी नियमाप्रमाणे खात्याचं नाव सामंत केलं असतं आणि पीपीओ अजून राणे. म्हणजे जी एकमेव जुळणारी जोडी होती, तीही तुटली असती. क्रम महत्त्वाचा: आधी पीपीओ, मग बँक. मुदत संपत आलेली असेल, तर शाखाधिकाऱ्यांना प्रस्तावाची प्रत दाखवून लेखी सांगून ठेवावं, असं मी म्हणेन.

शिमग्याच्या सुमारास महालेखापालांचं दुरुस्तीपत्र आलं. ते कोषागाराला उद्देशून असतं, प्रत कार्यालयाला आणि मला. माझ्या हातात पत्र आलं म्हणजे पीपीओ बदलला असं नव्हे. ओरोसला माझ्याकडची पीपीओची प्रत घेऊन गेले, तेव्हा कोषागाराकडच्या प्रतीवर आणि माझ्या प्रतीवर, दोन्हीकडे दुरुस्तीची नोंद झाली, पत्राच्या क्रमांक-तारखेसह. मी टेबलावरच्या मुलाला विनंती केली की संगणकावरचं नावही दाखवा. कागदावर सामंत आणि संगणकात राणे असं होऊ शकतं, आणि बँकेला यादी जाते ती संगणकातून. त्याने स्क्रीन फिरवली. `MALATI VASANT SAMANT`, खाली यांचं पूर्ण नाव. स्पेलिंग आधारासारखंच.

मग खातं बदलण्याचा अर्ज, नव्या जोडखात्याचं पासबुक, आणि जादा रक्कम जमा झाल्यास परत करण्याचं वचनपत्र, तेही नव्या नावाने आणि नव्या सहीने. पुढच्याच महिन्याला पेन्शन गावातल्या शाखेत आली.

जुनं राणेंचं खातं तरीही लगेच बंद केलं नाही. महागाई भत्त्याच्या फरकाचं देयक खातं बदलण्याआधीच तयार झालेलं होतं आणि ते जुन्या खात्यावरच जमा झालं. तो पैसा आल्यावर, आणि पुढचा एक फरक नव्या खात्यात पडलेला पासबुकात छापून पाहिल्यावर, मग मी त्या शाखेत बंद करण्याचा अर्ज दिला. त्यावर सही शेवटची राणेंची.

नर्सिंग कौन्सिलचं प्रमाणपत्र मात्र अजून राणे नावानेच आहे. आता नोकरी नाही, तेव्हा ते बदलायची गरजही नाही.